रोंडो म्हणजे ध्रुवपद का?

"पियानोच्या रेकॉर्डवर एका तुकड्याला 'रोंडो' आणि दुसऱ्याला 'थीम अँड व्हेरिएशन्स' लिहिलंय. दोन्हीत तीच चाल परत परत येते, मग फरक काय? आणि रोंडोला मराठीत ध्रुवपद म्हटलं तर चालेल का?"

ध्रुवपद जवळचा आहे, पण तो अख्ख्या रोंडोला नाही, फक्त त्यातल्या परत येणाऱ्या चालीला म्हणा. शब्द इटालियन, फ्रेंच 'राँदो'वरून आलेला, मुळात गोल फिरून येणं. आता आरतीत 'जय देव जय देव' परत येतं तसंच हे, फक्त आरतीची सगळी कडवी एकाच चालीत असतात आणि रोंडोत मधलं प्रत्येक कडवं वेगळ्या चालीचं, म्हणजे क-ख-क-ग-क.

बेथोव्हेनचं 'फ्यूर एलिझे' घ्या (१८१०चं, छापलं गेलं १८६७ला), पूर्वी फोन होल्डवर ठेवला की वाजायचं ते. पियानोची ए पट्टी सा धरली तर सुरुवात होते प म प म प रे म ग सा, पहिले दोन म तीव्र, शेवटचा शुद्ध, ग कोमल. इथे बहुतेक जण फसतात, कारण तो प-म चा झोका 'क'च्या पोटातच दोन-तीनदा येतो आणि आपण प्रत्येक वेळी "परत आलं" म्हणून मोजतो. ते मोजायचं नाही. चाल खरंच सोडून गेली की मगच पुढचं येणं मोजा. 'ख' ओळखायला सोपा, एकदम हसरा, भरभर सुरांचा, आणि तो संपताना तोच प-म चा झोका बराच वेळ झुलवत ठेवतो मग चाल पकडतो. 'ग'मध्ये डाव्या हाताला खर्जातला सा ठोकल्यासारखा वाजत राहतो, मग वरून सूर पायऱ्या उतरत येतात आणि क हजर.

व्हेरिएशन्समध्ये चाल कुठे जातच नाही. मोझार्टने आपल्या 'ट्विंकल ट्विंकल'च्या चालीवर (मूळ फ्रेंच गाणं) बारा व्हेरिएशन्स लिहिलीत, १७८५ला छापली गेली. पहिल्यात उजवा हात इतका पळतो की चाल हरवलीच वाटतं, पण मनात ट्विंकल म्हणत राहा, ओळ जिथे संपायची तिथेच संपते. दुसऱ्यात पळायचं काम डाव्या हाताकडे. आठवं मायनरमध्ये, उदास, अकरावं एकदम संथ, आणि बारावं दोनऐवजी तीन मात्रांचं, तिथे गुणगुणणं जरा ताणावं लागतं.

याला 'बढत' किंवा 'ताना' म्हणतात काही जण, मला पटत नाही. बढतीला लांबी ठरलेली नसते, इथे मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी तेवढाच साचा भरायचा असतो. मी सरळ 'व्हेरिएशन'च लिहितो, फार तर 'चालीची रूपं'.