प्रति युजर की वापरानुसार?

प्रश्न: दवाखान्यांसाठी मेसेज पाठवायचं सॉफ्टवेअर आहे. पैसे प्रति युजर घ्यावेत की वापरानुसार? उत्पन्नाचा अंदाज यायला हवा.

उत्तर: वापरानुसार घ्या, पण दरमहा किमान रक्कम बांधून वर्षाचा करार करा. दवाखान्यात लॉगिन दोघांचंच असतं, मेसेज मात्र हजारोंनी जातात. प्रति युजर दर लावलात तर मेसेजचा खर्च वाढत जाईल आणि बिल आहे तेवढंच राहील. समजा, ५,००० मेसेजपर्यंत ₹२,५०० आणि त्यापुढे प्रत्येकी ६० पैसे. पावसाळ्यात ८,००० गेले तर बिल ₹४,३००. एखाद्या महिन्यात ३,०००च गेले तरी ₹२,५०० येणारच. अंदाजपत्रकात तेवढेच पक्के धरा. किमान आकडा मात्र फुगवू नका, नाहीतर करार संपताच ग्राहक तो खाली आणायला लावतो. आधी तीन महिन्यांचा खरा वापर बघा.