छोट्या फ्लॅटमध्ये डिशवॉशर बसवताना

प्रश्न: वन बीएचकेत डिशवॉशर बसवायचाय. पाणी, ड्रेन, प्लग आणि जागा, काय काय लागेल?

उत्तर: सिंकच्या शेजारीच बसवा, म्हणजे पाणी आणि ड्रेन दोन्ही हाताशी येतात. मोठं मशीन साधारण 60 सेंटीमीटर रुंद आणि तेवढंच खोल असतं. पण दार खाली उघडतं, त्यामुळे समोर आणखी 60 सेंटीमीटर मोकळे हवेत. छोट्या स्वयंपाकघरात लोक नेमके इथेच अडकतात.

पाण्यासाठी सिंकखालच्या अँगल कॉकवर टी लावून पाऊण इंची आट्यांचा वेगळा नळ काढा. गच्चीवरच्या टाकीखालीच शेवटचा मजला असेल तर दाब कमी पडतो आणि मशीन पाणी न भरताच एरर दाखवतं. तिथे प्रेशर पंप लागतो.

ड्रेनचा पाइप जमिनीवरून थेट मोरीत सोडू नका. पाणी आपोआप ओढलं जाऊन मशीन धुता धुता रिकामं होतं. पाइप ओट्याखाली उंच, निदान 50 सेंटीमीटरवर अडकवून मग सिंकच्या ट्रॅपला जोडा. सिंकचं घाण पाणीही मग उलटं आत येत नाही.

प्लग 16 अँपिअरचा, चांगल्या अर्थिंगचा हवा, तोही मशीनच्या मागे नाही, शेजारच्या कपाटात. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, हीटर दोन हजार वॉटच्या आसपास ओढतो.