सर्ज टँकची लेव्हल हलू द्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सेटपॉइंट ५० टक्के आहे, पण लेव्हल ६० वर जाऊन बसते. कंट्रोलर बिघडलाय का?

नाही. तुमचा कंट्रोलर नुसता प्रपोर्शनल आहे आणि आवक वाढली आहे. या टाकीचं काम तेच: आवकेतले चढउतार लेव्हलवर झेलायचे आणि जावक शांत ठेवायची.

प्रश्न: डिस्टिलेशन कॉलमच्या आधीची टाकी आहे. लेव्हल ट्रान्समीटरच्या शून्य ते शंभरात ३० घनमीटर मावतात, फ्लो ट्रान्समीटर ० ते ६० घनमीटर प्रतितास. गेन १, इंटिग्रल टाइम १० मिनिटं. लेव्हल आणि फीड दोन्ही दोन-दोन तासांनी वरखाली होतात. गेन अर्धा केला, तर झोके वाढलेच!

दर महिन्याला हेच पत्र येतं. ‘लूप झुलतोय, गेन कमी कर’ हा सल्ला कॅन्टीनमध्ये फुकट मिळतो. फ्लो लूपला तो बरेचदा लागू पडतो, इथे उलटा पडतो.

आवक वाढली की लेव्हल चढते आणि जावक हळूहळू वाढते. जावक आवकेइतकी होते त्या क्षणी लेव्हल सर्वात वर असते, म्हणून इंटिग्रल थांबत नाही, जावक वाढवतच राहतो. लेव्हल सेटपॉइंटवर परत आणायची तर आवकेपेक्षा जास्त ओढावंच लागतं. इंटिग्रल घाईचा असेल, तर हा जादा ओढा इतका होतो की लेव्हल सेटपॉइंटच्या खाली जाते, आणि चक्र सुरू होतं. गेन कमी केलात म्हणजे आवर घालणारा भाग कमी केलात. इंटिग्रलची घाई तशीच राहिली.

तुमच्या टाकीचा भरण्याचा वेळ ३० भागिले ६०, म्हणजे ३० मिनिटं. झोके नकोत तर:

```
Kc × Ti ≥ 4 × 30 = 120
```

गेन १ ला इंटिग्रल टाइम १२० मिनिटं हवा. तुमचा गुणाकार १० होता, गेन अर्धा केल्यावर ५ झाला. मी असतो तर इंटिग्रल काढूनच टाकला असता: गेन १, बायस ५०. मग आवक ३० वरून ३६ झाली, तर कॉलमचा फीड अर्ध्या तासात त्या वाढीच्या ६३ टक्के चढेल, आणि लेव्हल ६० वर स्थिरावेल. मात्र तुमच्या डीसीएसमध्ये वेळ मिनिटांत आहे की सेकंदांत, गेन आहे की प्रपोर्शनल बँड, हे इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरला विचारल्याशिवाय आकडे टाकू नका.

प्रश्न: व्हेंडर म्हणतो, ऑटोट्यूनिंगचं पॅकेज घ्या. घेऊ?

आधी फुकटची चाचणी करा. ऑपरेटरला सांगून, लेव्हलवर नजर ठेवून, फ्लो कंट्रोलर कॅस्केडमधून काढा आणि ठराविक सेटपॉइंटवर ऑटोत ठेवा. झोके थांबले तर दोष लेव्हल लूपच्या ट्यूनिंगमध्ये आहे. फ्लो स्थिर असूनही लेव्हल झुलत राहिली, तर दोष टाकीच्या आधीच्या युनिटमध्ये. पॅकेज त्याला काय करणार? आणि बरीच ऑटोट्यून साधनं लेव्हल सेटपॉइंटला घट्ट धरायला बघतात. तसं झालं, तर टाकी असून नसल्यासारखी.

प्रश्न: मग लेव्हल ० ते १०० कुठेही फिरू दिली तर?

नाही. पंपाचं सक्शन आणि ओव्हरफ्लो यांच्या मर्यादा प्रोसेस इंजिनिअरकडून लेखी घ्या. हाय-हाय ट्रिपला वेगळा ट्रान्समीटर आहे ना, तेही बघा.