एक रोजी, तीन ई

“फारसी शिकायला लागलोय. नामाला शेवटी लागणाऱ्या ‘ई’चं इंग्रजी काय करायचं: ‘अ’, ‘सम’ की ‘वन’? आपल्या ‘15 ऑगस्ट रोजी’मधली ई तीच ना?”

नाही, ती नव्हे. हे शेवटचं आधी निकालात काढतो, कारण हा गैरसमज भाषणांतून ऐकून ऐकून कान किटले आहेत. ‘15 ऑगस्ट रोजी’मध्ये ‘रोज’ तेवढा फारसी. ई आपली, घरी, दारी, सकाळी, दिवशी यांतली सप्तमीची. तारीख पक्की ठाऊक असताना ‘कोणे एके दिवशी’ असं सांगणारा प्रत्यय तिथे लागेलच कसा? रोजीरोटीतली ‘रोजी’ मात्र अख्खी फारसी आहे, पण तिची ई पुन्हा निराळी.

तुम्ही विचारताय तो प्रत्यय मुळात ‘ई’ नाहीच, ‘ए’ आहे. फारसी कवी सादीच्या गुलिस्तानची पहिली गोष्ट सुरू होते ती अशी: ‘पादशाहे रा शुनीदम कि ब कुश्तन-ए असीरे इशारत कर्द.’ एका राजाविषयी ऐकलं, त्याने एका कैद्याला मारायची खूण केली. पादशाहे म्हणजे कोणी एक राजा, पादशाही म्हणजे राजेपण, आपली बादशाही. लगेच पुढच्या वाक्यात ‘नौमीदी’ येतो. तो ‘एक नाउमेद माणूस’ नव्हे, ती नाउमेदी. फारसी लिपीत शेवटचं अक्षर दोन्हीकडे एकच, आणि तेहरानच्या आजच्या बोलीत स्वरही एकच झाला आहे. म्हणून ‘इराणी उच्चार तोच शुद्ध, हिंदुस्थानी फारसी गावंढळ’ असं शिकवणाऱ्यांशी माझं कधीच जमणार नाही. सादीच्या काळचा हा भेद आपल्याकडच्या जुन्या मुन्शींनी जपला, अफगाण अजून जपतात. ताजिक लोक तर रशियन वळणाच्या लिपीत दोन्हींना वेगळी अक्षरं वापरतात. अडलात की शब्द ताजिक कोशात बघा, गोंधळ तिथेच मिटतो.

आता हा ‘ए’ आला कुठून? तो ‘यक’चा, म्हणजे फारसी ‘एक’चा, तुटका अवशेष आहे असं बिनदिक्कत सांगणारे भेटतात. चूक. ‘यक’ त्याचा भाऊ, बाप नव्हे. मध्य फारसीत हा प्रत्यय ‘एव’ होता, आणि त्याच्या मागे प्राचीन फारसीतला ‘अइव’, म्हणजे एक. इराणमधल्या नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर प्राचीन सम्राट दार्यवहुशने स्वतःला ‘अइवम् परूवनाम् ख्शायथियम्’ म्हणवून घेतलं आहे: अनेकांचा एकच राजा. तिथे राजाच्या आधी उभा असलेला हा ‘एकच’ झिजत झिजत सादीपर्यंत राजाच्या पाठीला चिकटला आणि नुसता ‘कोणी एक’ होऊन बसला.

आणि तो ‘अइव’ म्हणजे आपल्या संस्कृत ‘एव’चा सख्खा भाऊ! वर भाषांतर करताना ‘एकच’मधला ‘च’ माझ्या हातून आपसूक उमटला, तो उगाच नव्हे. व्याकरणकार हेमचंद्राने प्राकृतात ‘चेअ, चिअ, च्च’ हे अवधारणाचे, म्हणजे ‘हेच’ असा निश्चय दाखवणारे, शब्द दिले आहेत. त्यांच्यामागे संस्कृत ‘चैव’ आहे आणि मराठी ‘च’ त्यांचाच वंशज, असं माझं ठाम मत आहे. ‘च’ म्हणजे संस्कृतचा नुसता ‘आणि’वाला ‘च’ असं म्हणणाऱ्यांनी ‘मीच’चा अर्थ ‘मी आणि’ का होत नाही, तेवढं सांगावं. माझं खरं असेल तर ‘पादशाहे’ आणि ‘राजाच’ या दोहोंच्या पोटात एकच शब्द आहे. इराणमध्ये त्याने माणूस अनोळखी केला, आपल्याकडे नेमका केला.

बरं, इंग्रजी. खरोखर मोजायचं असतं तेव्हा फारसी ‘यक’ आणते, म्हणून ‘मर्दे’चं ‘वन मॅन’ करू नका, ‘अ मॅन’ करा. ‘रूज़े’ मात्र गोष्टीच्या तोंडी आला तर ‘वन डे’, आणि ‘रूज़े से बार’मध्ये ‘थ्री टाइम्स अ डे’, कारण तिथे तो दर दिवशी असा अर्थ देतो. अनेकवचनाला लागला की ‘सम’: ‘रूज़हाए’ म्हणजे ‘सम डेज’. नकारात तोच ‘एनी’ होतो. ‘चीज़े नगुफ़्त’ म्हणजे ‘काही बोलला नाही’, त्याचं ‘ही डिडंट से समथिंग’ केलंत की अर्थ पार फिरतो.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो पुढे ‘कि’ आला की. ‘मर्दे कि दीरूज़ आमद’ म्हणजे काल जो माणूस आला तो. इथे ‘ए’ माणसाला अनोळखी करत नाही, कोणता माणूस ते पुढे येतंय एवढंच खुणावतो. मराठीत त्या जागी ‘जो’ येतो आणि इंग्रजीत ‘द’: ‘द मॅन हू केम यस्टरडे’.