गाऊस एलिमिनेशनमध्ये रो ऑपरेशन करताना चूक लगेच कशी पकडायची?

प्रश्न: तीन समीकरणं सोडवताना प्लस-मायनस चुकतं आणि ते शेवटी कळतं, आधीच कसं पकडू?

प्रत्येक रोच्या शेवटी त्या रोची बेरीज लिही आणि त्या आकड्यावरही तेच ऑपरेशन कर. समजा R1 आहे १, १, १, ६ (बेरीज ९) आणि R2 आहे २, -१, १, ३ (बेरीज ५), तर R2 - 2R1 केल्यावर बेरीज ५ - १८ म्हणजे -१३ यायलाच हवी. नवीन रो ०, -३, -१, -९, बेरीज -१३, बरोबर. ३ - १२ चं चुकून +९ लिहिलंस तर बेरीज ५ येते, तिथेच थांब. फक्त पटच चुकीचा घेतला तर बेरीज जुळते पण शून्य येत नाही, म्हणून तेही बघ.