‘मी’ची जवळीक आणि ‘आपण’ची गंमत

प्रश्न: प्रेमकथा लिहितेय. मैत्रीण म्हणते, प्रथमपुरुषी निवेदनच जास्त जवळचं वाटतं, ‘ती’ लिहिलं की वाचक लांब जातो. खरं आहे का?

अर्धंच. मराठीत ‘ती’च्या पोटात शिरायला ‘आपण’ नावाची एक चोरवाट आहे.

ठाणे-वाशी लोकलमधला प्रसंग घ्या. ‘ऐरोलीला तो चढला. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिली.’ इथे आपण तिच्याकडे समोरच्या बाकावरून बघतोय. आता पुढे लिहा: ‘त्याने आपल्याला पाहिलं असेल का? उगीच आलो आपण या डब्यात.’ ना अवतरणचिन्ह, ना ‘तिच्या मनात आलं’, तरी हे तिचंच मन आहे हे कळतं. शिवाय ‘आपण’बरोबर क्रियापद ‘आलो’ होतं, ‘आली’ नाही. त्यामुळे ‘ती’ म्हणून बाहेरून बघणारा निवेदक तेवढ्यापुरता बाजूला होतो.

यातली खोच एवढीच, की वाक्यात दोन माणसं आली की ‘आपण’ घसरतं. ‘तिने आपल्याला ओळखलं नाही, असं त्याला वाटलं’ इथे अख्खं मन त्याचं झालं. एका प्रसंगात एकाच्याच मनात राहिलात तर हा घोळ होत नाही.

मग ‘मी’ कशासाठी? मला विचाराल तर बोलीसाठी. आमच्याकडे ठाण्यात ‘मी गेले’ इतकंच ‘मी गेली’ही ऐकू येतं. नायिका ‘मी खिडकीबाहेर बघत राहिली’ म्हणाली, तर ती कुठे वाढली, कशी बोलते, सगळं त्या एका रूपात येतं. तृतीयपुरुषी निवेदनात ‘राहिली’ हेच प्रमाण रूप, त्यामुळे तो रंग दिसतच नाही.

पण ‘मी’ आपोआप जवळ येत नाही. ‘तेव्हा मला माहीत नव्हतं, की हीच सुरुवात आहे’ म्हटलं की सांगणारी बाई वर्षांनंतरच्या खुर्चीत बसलेली असते आणि गाडीतली मुलगी लांब जाते. आठवणींच्या कथेला ते शोभतं, धडधडीला नाही. ‘मला जाणवलं की माझे कान तापले’ यातलं ‘मला जाणवलं की’ही काढा. ‘माझे गाल लाल झाले’ तर नकोच. खिडकीच्या काचेत दिसले असतील तर गोष्ट वेगळी.

एक पानभर मजकूर घ्या, ‘मी’च्या जागी ‘ती’ घाला आणि क्रियापदं बदला. काहीच बिघडलं नाही, तर तिथे ‘मी’ला काम नव्हतं. ती कथा ‘ती’तून लिहा आणि मोक्याच्या जागी ‘आपण’ येऊ द्या. वाचताना बोली हरवली, तिचा तिरकस स्वर गेला असं वाटलं, तर ‘मी’ ठेवा.