पीटीएचचा आकडा एकटा वाचू नकोस

डायलिसिसच्या रुग्णाचा पीटीएच ९०० आला की लगेच औषध लिहू नकोस, आधी शेजारचे आकडे बघ. कॅल्शियम ८.१, फॉस्फरस ६.८ आणि अल्कलाइन फॉस्फेटेजही वाढलेलं असेल, तर पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच सोडून कॅल्शियम सावरायला धडपडतेय आणि त्यापायी हाडं झिजताहेत. हाताच्या एक्स-रेत तर्जनी-मध्यमेच्या मधल्या पेराची अंगठ्याकडची कड न्याहाळ. ती कुरतडल्यासारखी दिसते. एक्स-रे स्वच्छ असला म्हणून आजार नाही असं मात्र धरू नकोस.

फॉस्फरस उतरवल्याशिवाय कॅल्सिट्रायॉल वाढवू नकोस. ते आतड्यातून फॉस्फरसही ओढतं. कॅल्शियमच चढं असेल, तर आधी कॅल्शियमच्या नि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या चालू आहेत का विचार. नसतील, तर ग्रंथी आपल्या मनाने चालू लागली असण्याची शक्यता मोठी.